समोरून शाचो आले तर

जपानमध्ये आर्थिक वर्ष भारतासारखंच १ एप्रिलला सुरू होतं, आणि त्याच सुमारास देशभरातल्या कंपन्यांमध्ये नुकतेच पदवीधर झालेले तरुण-तरुणी एकदम कामावर रुजू होतात. त्यांची निवड बरीच आधी झालेली असते, पण कंपनीत पाऊल ठेवायचं ते सगळ्यांनी मिळून, काळे किंवा गडद निळे सूट घालून, एकाच दिवशी. त्या दिवशी स्वागत समारंभ होतो, शाचोंचं, म्हणजे कंपनीच्या अध्यक्षांचं भाषण होतं आणि लगेच प्रशिक्षण सुरू होतं. कामाचं प्रशिक्षण पुढे वर्षभर चालतं. पहिल्या काही दिवसांत शिकवलं जातं ते वागणं. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, फोन वाजला तर काय म्हणून उचलायचा, पाहुण्याला बैठकीच्या खोलीत कुठे बसवायचं, असे धडे असतात. त्यातलाच एक लहानसा धडा असा: कॉरिडॉरमधून एकटे चालला आहात आणि समोरून शाचो येताहेत. काय कराल?

प्रश्न साधा वाटतो, पण नव्या माणसाला घाम फोडणारा आहे. जपानी कार्यालयात बहुतेक माणसं एका मोठ्या मोकळ्या दालनात बसतात. टेबलं एकमेकांना जोडून लावलेली असतात आणि टोकाला त्या गटाचा प्रमुख, काचो, बसतो. त्याच्यावर बुचो, म्हणजे विभागप्रमुख. त्याच्याही वर संचालक, त्यांच्यात जोमु आणि सेन्मु या चढत्या पायऱ्या, आणि सर्वांत वर शाचो. मोठ्या कंपनीत हे वरचे लोक बहुधा वेगळ्या मजल्यावर बसतात. नव्याने लागलेल्या मुलाचा दिवसभराचा संबंध येतो तो काचोशी आणि स्वतःपेक्षा दोन-चार वर्षं जुन्या सहकाऱ्यांशी. शाचोंना भेटायचं तर वेळ ठरते, विषय ठरतो, बरोबर कोण जाणार ते ठरतं. काहीही न ठरता हे दोघं समोरासमोर येऊ शकतात अशा जागा मोजक्याच: कॉरिडॉर, लिफ्ट, जिना आणि प्रसाधनगृह.

अशा वेळी काय करायचं याचं जपानी उत्तर तीन-चार सेकंदांत संपतं. ते इतकं लहान आहे, याला कारण आहे. वरिष्ठ माणूस कुठेतरी निघालेला असतो. त्याला आदर दाखवायचा आहे, पण त्या आदराला उत्तर देण्यासाठी त्याला थांबावं लागू नये, हेही पाहायचं आहे. म्हणून थांबण्याचं, बाजूला होण्याचं आणि वाकण्याचं सगळं काम कनिष्ठाकडे येतं. वरिष्ठाने नुसती मान हलवली आणि तो पुढे गेला, तरी अभिवादन पूर्ण झालं.

वाकून अभिवादन करण्याला जपानीत ओजिगी म्हणतात आणि कंपन्यांमध्ये तिचे तीन प्रकार शिकवले जातात. पहिला एशाकु, साधारण १५ अंशांचा. दुसरा केइरेइ, ३० अंशांचा. तो ग्राहकाचं स्वागत करताना किंवा बैठकीच्या आरंभी वापरतात. तिसरा साइकेइरेइ, ४५ अंशांचा. तो मोठी माफी मागताना किंवा मनापासून आभार मानताना. कॉरिडॉरसाठी आहे तो पहिला. इथे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. समोर कंपनीतला सर्वांत मोठा माणूस आहे, मग सर्वांत खोल वाकायला नको का? नको. कोन ठरताना माणसाची पायरी पाहतात, पण त्याहून जास्त पाहतात तो प्रसंग. वाटेत गाठ पडणं हा हलका प्रसंग आहे. तिथे कुणी ४५ अंशांत वाकला, तर शाचोंना वाटेल की या मुलाच्या हातून काहीतरी मोठी चूक झाली आहे आणि ती अजून आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. काही प्रशिक्षक संचालकांसाठी आणि बाहेरच्या पाहुण्यांसाठी थांबून ३० अंश वाकायला सांगतात, पण कॉरिडॉरमध्ये त्यापलीकडे कुणी जात नाही.

१५ अंश म्हणजे नेमकं किती, हे स्वतःच्या अंगावर मोजून पाहता येतं. मध्यम उंचीच्या माणसाचं कमरेच्या सांध्यापासून डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण ८५ सेंटिमीटर धरलं, तर १५ अंशांत डोकं पुढे येतं सुमारे २२ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एक वीत. खाली जातं फक्त ३ सेंटिमीटर. ४५ अंशांत हेच डोकं ६० सेंटिमीटर पुढे येतं. म्हणजे एशाकु ही अगदी थोडी हालचाल आहे, आणि थोडी असल्यामुळेच ती बिघडली की चटकन दिसते.

बिघडते ती मानेपाशी. नवखा माणूस कमरेऐवजी मानेतून वाकतो. पाठ सरळ उभी राहते आणि हनुवटी छातीला लागते. पाहणाऱ्याला ते अभिवादन वाटत नाही, मान खाली घातल्यासारखं वाटतं. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून ती अख्खी रेषा कमरेतून पुढे झुकवायची, हा पहिला नियम. काही प्रशिक्षक मुलांना भिंतीला पाठ लावून उभं करतात आणि ही रेषा कशी असते ते आधी अंगाला कळू देतात. नजर वाकण्याआधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे असते. वाकताना ती साधारण दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर जाते आणि सरळ झाल्यावर पुन्हा चेहऱ्यावर येते. वाकलेल्या स्थितीत डोळे वर करून समोरच्याकडे पाहणं वाईट दिसतं. पुरुषांनी हात मांड्यांच्या बाजूला, विजारीच्या शिवणीवर ठेवायचे. स्त्रियांना ते बहुतेक ठिकाणी पुढे एकावर एक ठेवायला शिकवतात.

दुसरी बिघडण्याची जागा म्हणजे वेग. घाईत केलेली ओजिगी डोकं झटकल्यासारखी दिसते. त्यावर जपानमध्ये एक जुना उपाय आहे. कामाकुरा काळात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात, सामुराई घराण्यांमधून पुढे आलेली ओगासावारा नावाची शिष्टाचाराची परंपरा आजही शिकवली जाते. त्या परंपरेत वाकणं श्वासाला बांधलेलं आहे: श्वास घेत वाकायचं, थांबलेल्या क्षणी श्वास सोडायचा आणि पुन्हा श्वास घेत सरळ व्हायचं. त्यामुळे वेग आपोआप ठरतो. मनात आकडे मोजावे लागत नाहीत. कॉरिडॉरमध्ये एवढा एकच श्वास पुरतो. कंपन्यांतले प्रशिक्षक याचाच सोपा अवतार सांगतात: जितक्या वेगाने खाली गेलात, त्याहून सावकाश वर या.

आता प्रसंग पूर्ण चालवून पाहू. समजा, पुण्याहून आलेली एक संगणक अभियंता तोक्योतल्या एका कंपनीत आठवड्यापूर्वी रुजू झाली आहे. सकाळचे साडेअकरा वाजले आहेत. तिच्या डाव्या हातात लॅपटॉप आहे, उजव्या हातात फोन आहे आणि ती फोनमध्ये बैठकीच्या खोलीचा क्रमांक पाहत चालली आहे. कॉरिडॉरच्या वळणावरून शाचो येतात. अंतर दहाएक मीटर.

पहिलं काम फोन खाली घेणं आणि कानात काही असेल तर काढणं. हे आधी करायचं, कारण एक काम करता करता केलेलं अभिवादन तिथे फार खटकतं. चालता चालता, टाइप करता करता, दुसऱ्याशी बोलता बोलता अभिवादन उरकू नये, असं नवशिक्यांना पहिल्याच दिवशी बजावतात. लॅपटॉप ती एका हाताने अंगाशी धरते. दोन्ही हात भरलेले असते तरी चाललं असतं. सामान जमिनीवर ठेवायची गरज नाही.

अंतर पाच-सहा मीटरवर आलं की ती वेग कमी करते आणि भिंतीच्या बाजूला सरकते. कॉरिडॉरचा मधला भाग शाचोंसाठी मोकळा झाला. एवढ्यात नजरानजर होते. दोन-तीन मीटरवर ती थांबते, पाय जुळवते, अंग त्यांच्याकडे वळवते आणि म्हणते, "ओत्सुकारेसामा देसु." मग एशाकु. बोलणं आधी आणि वाकणं नंतर, हा क्रम मुद्दाम शिकवला जातो. वाकता वाकता बोललं तर आवाज जमिनीकडे जातो आणि शब्द पुटपुटल्यासारखे ऐकू येतात. शिवाय शब्द उच्चारताना चेहरा समोरच्याला दिसत राहतो. शाचो फारच वेगात चालले असतील आणि दोन्हींसाठी वेळ नसेल, तर शब्द सोडायचे आणि वाकणं ठेवायचं.

शाचो मान किंचित झुकवतात, कदाचित "ओत्सुकारेसामा" एवढंच म्हणतात, आणि पुढे जातात. ती सरळ होते. ते बाजूने निघून गेले की ती चालू लागते. पुन्हा वळून पाहत नाही आणि पुन्हा वाकत नाही. एकदाच वाकायचं, हा नियम परदेशी माणसाला सर्वांत अवघड जातो. समोरच्याने मान हलवली की आपणही हलवावी, त्याने पुन्हा हलवली की पुन्हा, असं होत जातं. तीन-चार वेळा डोकं हलवण्याला जपानीत पेकोपेको म्हणतात, आणि त्यातून आदरापेक्षा लाचारी जास्त दिसते.

आता शब्दांविषयी. सकाळी, साधारण दहा-साडेदहापर्यंत, "ओहायो गोझाइमासु", म्हणजे सुप्रभात, हे सर्वांना चालतं: शाचोंना, शिपायाला, सुरक्षारक्षकाला. त्यानंतर पंचाईत होते. भाषेच्या पुस्तकात दुपारचं अभिवादन म्हणून "कोन्निचिवा" दिलेलं असतं आणि नवखा माणूस तेच म्हणून मोकळा होतो. पण एकाच कंपनीतले लोक आपसात ते सहसा वापरत नाहीत. ते शेजाऱ्याला, दुकानदाराला, बाहेरच्या माणसाला म्हणतात. कंपनीच्या आत त्याने एक अंतर निर्माण होतं, आणि वरिष्ठाशी बोलताना ते पुरेसं अदबीचंही वाटत नाही. तिथे उपयोगी पडतं ते "ओत्सुकारेसामा देसु". मराठीत त्याचा भाव साधारण "दमलात, बरेच कष्ट घेतलेत" असा आहे. पण रोजच्या वापरात तो भाव इतका विरळ झाला आहे की सकाळी अकरा वाजताही ते सहज म्हणतात. शेवटचं "देसु" मात्र वरिष्ठासमोर गाळायचं नाही. गाळलं की तेच वाक्य बरोबरीच्या मित्राला म्हटल्यासारखं होतं.

याच अर्थाचं दुसरं एक वाक्य आहे, "गोकुरोसामा". त्याच्यापासून मात्र नव्या माणसाने लांब राहावं. आजच्या संकेतानुसार ते वरून खाली म्हटलं जातं. काम करून आलेल्या कनिष्ठाला वरिष्ठ म्हणतो, घरी पार्सल आणून देणाऱ्याला घरधनी म्हणतो. तेच शाचोंना म्हणणं म्हणजे त्यांच्या कामाला आपण शाबासकी दिल्यासारखं. गंमत अशी की खुद्द जपानी माणसंही यात चुकतात. तिथला सांस्कृतिक कार्य विभाग दरवर्षी भाषेविषयी लोकांची मतं विचारतो. २००५ या आर्थिक वर्षातल्या पाहणीत एक प्रश्न होता: एकत्र केलेलं काम संपल्यावर आपल्याहून वरच्या पदावरच्या माणसाला काय म्हणाल? सुमारे ६९ टक्के लोकांनी ओत्सुकारेसामा निवडलं, पण सुमारे १५ टक्के लोकांनी गोकुरोसामा निवडलं. म्हणजे दर सहा-सात जणांमागे एक. त्यामुळे परदेशी माणसाकडून ही चूक झाली, तर बहुतेक वरिष्ठ ती मनावर घेत नाहीत. पण त्यांच्या मागून चालणारा काचो ती लक्षात ठेवतो आणि नंतर बाजूला घेऊन समजावतो.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायचं कारण नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि २००० सालच्या संगणकीय तारखांच्या अडचणीपासून भारतीय अभियंते मोठ्या संख्येने तोक्योला जाऊ लागले. शहराच्या पूर्वेकडच्या एदोगावा भागात, निशि-कासाइ स्थानकाच्या आसपास, भारतीयांची वस्ती वाढली. त्याच एदोगावाच्या स्थानिक विधिमंडळावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे भारतात जन्मलेले मराठी गृहस्थ निवडून आले. अशा माणसांच्या मागोमाग दरवर्षी नवे तरुण जातात, आणि व्याकरण पक्कं असूनही कॉरिडॉरमध्ये अडखळतात.

अडखळतात ते घरून आणलेल्या सवयींमुळे. मराठी कार्यालयात साहेब समोरून आले की "नमस्कार सर" म्हणताना उजवा हात छातीकडे जातो किंवा दोन्ही हात जुळतात. जपानमध्ये हात जोडणं हे देवळातलं आणि जेवणाआधीचं आहे. कॉरिडॉरमध्ये कुणी हात जोडले तर राग येणार नाही, पण समोरचा क्षणभर गोंधळेल. आपली मान डावी-उजवीकडे डोलवण्याची सवय त्याहून जास्त गोंधळ करते, कारण जपानी माणसाला तिच्यातून होकार की नकार हे कळत नाही. हस्तांदोलनासाठी कनिष्ठाने आपणहून हात पुढे करायचा नाही. शाचो परदेशात राहून आलेले असतील आणि त्यांनी हात पुढे केला, तर अर्थातच घ्यायचा. पण तेव्हा वाकायचं नाही. दोन्ही एकदम करायला गेलं की डोकी आपटायची वेळ येते.

सर्वांत खोल रुजलेली सवय मात्र हाताची नाही, तोंडाची आहे. आपल्याकडे मोठे साहेब कॉरिडॉरमध्ये सापडणं ही संधी असते. "सर, एकच मिनिट, ती फाइल तुमच्याकडे आली आहे..." असं म्हणत त्यांच्याबरोबर दहा पावलं चालायचं आणि लिफ्ट येईपर्यंत विषय कानावर घालायचा. यातून कामं होतातही, आणि भारतातल्या कार्यालयांची रचना पाहता ते समजण्यासारखं आहे. जपानमध्ये तेच केलं तर नुकसान होतं, आणि ते आपलं एकट्याचं नसतं.

त्याचं कारण होरेन्सो. होकोकु, रेन्राकु आणि सोदान, म्हणजे अहवाल देणं, कळवणं आणि सल्ला घेणं, या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून हा शब्द झाला आहे. उच्चार पालकाच्या भाजीच्या नावासारखा असल्याने तो सहज लक्षात राहतो. यामाताने सिक्युरिटीज या दलाली कंपनीचे तेव्हाचे शाचो तोमिजी यामाझाकी यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी तो रूढ केला. खालच्या माणसांचा आवाज विनाअडथळा वर यावा, असं त्यांच्या मनात होतं. पुढे इतर कंपन्यांनी तो उचलला आणि त्याचा रोख बदलला. आता नव्या माणसाला होरेन्सो शिकवतात ते 'प्रत्येक गोष्ट आपल्या लगेच वरच्या माणसाला सांगा' या अर्थाने. ही उलटापालट दुर्दैवी म्हणायला हवी, पण कॉरिडॉरमध्ये नियम तोच चालतो. कामाची गोष्ट काचोला न सांगता थेट शाचोंच्या कानावर घातली, तर काचो अंधारात राहिला असा अर्थ निघतो. शाचो दुपारी काचोला विचारतील, "ते काम अडलंय म्हणे?" आणि काचोला माहीतच नसेल. त्याची जी मानहानी होईल, ती भरून काढायला नव्या माणसाला महिने लागतील.

पण शाचोच थांबले आणि बोलले तर? असं होतं, आणि परदेशी कर्मचाऱ्याच्या बाबतीत तर जास्तच होतं. बहुतेकदा प्रश्न एकच असतो: "सवय झाली का?" त्याला तयार उत्तर आहे, "हाइ, ओकागेसामादे", म्हणजे "हो, आपल्या कृपेने". आपल्याकडे "कसं चाललंय?" या प्रश्नाला "तुमच्या आशीर्वादाने बरं आहे" म्हणतात, त्याच्या फार जवळचं हे उत्तर. त्यापुढे एक वाक्य स्वतःचं जोडता येतं: कुठल्या विभागात आहे, काय शिकते आहे. दुसरं वाक्य शाचोंनी विचारलं तरच. घरभाडं, व्हिसा, न मिळालेली रजा या गोष्टी खऱ्या आणि महत्त्वाच्या असल्या तरी त्यांची जागा इथे नाही. संभाषण संपवायचं असतं शाचोंनी. ते निघाले की "शित्सुरेइ शिमासु", म्हणजे "येते, क्षमा असावी", आणि पुन्हा एक एशाकु. आणि हो, अशी भेट झाली हे त्याच दिवशी काचोला सांगून टाकणं उत्तम.

प्रसंगाला काही फाटे फुटतात. शाचो फोनवर बोलत असतील तर शब्द नाहीत. बाजूला होऊन फक्त डोळ्यांनी आणि मानेच्या किंचित झुकण्याने अभिवादन. ते बाहेरच्या पाहुण्याबरोबर असतील तर पाहुणा आधी. त्याच्याकडे पाहून वाकायचं, आणि ओत्सुकारेसामा म्हणायचं नाही, कारण ते घरातल्या घरात बोलायचं वाक्य आहे. पाहुण्यासमोर शाचोही आपल्याच बाजूचे ठरतात. म्हणूनच बाहेरच्या माणसाशी बोलताना शाचोंचा उल्लेख नुसत्या आडनावाने करतात, पुढे मानाचा 'सान' लावत नाहीत. जिन्यावर आपण वर आणि ते खाली असतील तर वरून अभिवादन करायचं नाही. बाजूला थांबायचं आणि ते साधारण आपल्या पायरीशी आले की वाकायचं. ते पुढे चालले असतील आणि आपण मागून घाईत आलो असू, तर शक्यतो ओलांडायचं नाही. ओलांडावंच लागलं तर बाजूला आल्यावर "शित्सुरेइ शिमासु" म्हणून किंचित वाकून पुढे जायचं. त्याच दिवशी तासाभराने पुन्हा समोर आले तर हलका एशाकु पुरतो. तेच शब्द पुन्हा म्हणायची गरज नाही. प्रसाधनगृहात मान झुकवली की झालं.

लिफ्टचा प्रकार वेगळा आहे, कारण तिथे निघून जाता येत नाही. लिफ्टमध्येही मानाच्या जागा ठरलेल्या आहेत. आतली, दारापासून दूरची जागा मोठ्या माणसाची, आणि बटणांसमोरची सर्वांत लहानाची. म्हणून शाचो आत आले की नव्या माणसाने बटणांपाशी जायचं, कुठल्या मजल्यावर जायचं ते विचारून बटण दाबायचं आणि त्यांचा मजला आला की दार उघडं धरणारं बटण दाबून ठेवायचं. त्यांच्याकडे पूर्ण पाठ करायची नाही, थोडं तिरकं उभं राहायचं. मधल्या वेळात हवापाण्याचा विषय काढला नाही तरी चालतं. तिथल्या शांततेचा कुणाला त्रास होत नाही, आणि आपल्याकडच्या बोलक्या माणसाने हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

हे सगळं प्रत्येक कंपनीत असंच असतं, असं नाही. परदेशी मालकीच्या कंपन्यांत आणि तरुणांनी काढलेल्या लहान कंपन्यांत शाचोंनाही आडनाव आणि 'सान' एवढ्यावर हाक मारतात. कितीतरी मोठ्या कंपन्यांनीही पदाच्या नावाने हाक मारणं बंद करून सर्वांना 'सान' लावायला सुरुवात केली आहे. अशा ठिकाणी थांबून, पाय जुळवून केलेला एशाकु जुन्या वळणाचा वाटू शकतो. वेग कमी करून, हसून, मान झुकवून "ओत्सुकारेसामा देसु" म्हटलं की पुरतं. दूरचित्रवाणी आणि नाटकाच्या क्षेत्रात रात्री नऊ वाजता भेटलेल्या माणसालाही "ओहायो गोझाइमासु" म्हणतात, कारण तिथे ज्याची पाळी जेव्हा सुरू होईल तेव्हा त्याची सकाळ. पोलाद कारखान्यांत तर ओत्सुकारेसामाची जागा "गोआन्झेन नि" या वाक्याने घेतली आहे. त्याचा अर्थ "सुरक्षित राहा". जर्मन खाणकामगारांच्या अभिवादनावरून ते आलं असं सांगतात. तप्त लोखंडाजवळ काम करणारा कामगार आणि पाहणीला आलेले शाचो एकमेकांना हेच म्हणतात. शिरस्त्राण घातलेलं असतं म्हणून वाकणंही थोडंच असतं.

आपल्या कंपनीत यातलं काय चालतं, हे नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात एखाद्या जुन्या सहकाऱ्याला, सेन्पाईला, सरळ विचारावं. जपानमध्ये हा प्रश्न बावळटपणाचा समजला जात नाही. एप्रिलमध्ये रुजू झालेली जपानी मुलंही तोच विचारत असतात, आणि सेन्पाई बहुधा उठून, कॉरिडॉरमध्ये नेऊन, प्रत्यक्ष करून दाखवतो.